दुकानातले कॅमेरे मोबाइलवर अडकत अडकत दिसतात: बिटरेट किती ठेवावा?

शटर_अर्धं_उघडं
दुकानात आठ आयपी कॅमेरे आहेत, सगळे ४ मेगापिक्सेलचे, आणि एक एनव्हीआर. काउंटरजवळच्या टीव्हीवर चित्र एकदम स्वच्छ आणि सलग दिसतं. बाहेरून मोबाइलवर अ‍ॅप उघडलं की मात्र गडबड होते. आठही चौकटी दिवसा बऱ्यापैकी चालतात. एक कॅमेरा मोठा करून HD दाबलं की दोन सेकंद चालतो, थांबतो आणि एकदम उडी मारतो. माणूस दारात दिसतो, पुढच्या क्षणी थेट काउंटरपाशी! रात्री तर चौकटीही अडकतात. मी, भाऊ आणि मॅनेजर असे तिघं बघतो, कधीकधी एकाच वेळी.

सध्याची सेटिंग: मुख्य स्ट्रीम 2560×1440, २५ फ्रेम, H.265, बिटरेट Variable, कमाल 6144, I-Frame Interval 50. सब स्ट्रीम 1280×720, २५ फ्रेम, H.264, Variable, कमाल 2048, I-Frame Interval 100. स्पीड टेस्ट ९० दाखवते, म्हणजे इंटरनेट ठीकच असावं. नेमकं काय कमी करू?

फुल_रेंज
९० म्हणजे काठावर आहे. प्लॅन वाढवून घ्या, २०० चा घ्या. आठ कॅमेरे म्हटल्यावर एवढं लागणारच.

मीटरवाली
९० हा आकडा डाउनलोडचा आहे की अपलोडचा? आणि टेस्ट दुकानात घेतली की घरी? दुकानातून चित्र बाहेर जातं, म्हणून दुकानाचा अपलोड महत्त्वाचा. तिथला डाउनलोड २०० असो नाहीतर ५००, या कामाला त्याचा काडीचा उपयोग नाही. बऱ्याच प्लॅनमध्ये अपलोड डाउनलोडचा दहावा भाग असतो आणि जाहिरातीत तो आकडा शोधूनही सापडत नाही.

जुना_तारवाला
मीटरवाली ताईंनी बरोबर ठिकाणी बोट ठेवलंय. सेटिंगला हात लावण्याआधी तीन गोष्टी तपासा, नाहीतर चुकीच्या ठिकाणी कमीजास्त करत बसाल.

पहिली, दुकानात वायरने जोडलेल्या कॉम्प्युटरवर स्पीड टेस्ट घ्या आणि फक्त अपलोड लिहून ठेवा. दुकान चालू असताना एकदा घ्या आणि रात्री ज्या वेळी चित्र अडकतं त्या वेळी एकदा.

दुसरी, मोबाइलचा डेटा बंद करून दुकानाच्या वायफायवर तेच अ‍ॅप उघडा. शक्य असेल तर एनव्हीआर क्लाउड आयडीने न जोडता त्याच्या आतल्या पत्त्याने जोडा, म्हणजे 192.168.1.108 सारखा जो असेल तो. इथेही HD अडकत असेल तर इंटरनेटचा दोष नाही. मग वायफाय, मोबाइल किंवा एनव्हीआर बघायचा.

तिसरी सगळ्यात बोलकी. बिलिंगच्या कॉम्प्युटरवर हे चालू ठेवा:

```
ping -t 8.8.8.8
```

आता दुसऱ्या कुणाला तरी मोबाइल डेटावरून कॅमेरे उघडायला सांगा. आकडा १० ते ३० मिलिसेकंदांवरून शेकड्यांत गेला तर समजा की अपलोडची वाट भरली आणि पॅकेटं राउटरमध्ये रांग लावून उभी आहेत. आकडा जागेवरून हलला नाही आणि तरी चित्र अडकतंय, तर कारण वेगळं आहे. त्यावर नंतर बोलू.

शटर_अर्धं_उघडं
केलं. दुकानातला अपलोड ९.४ एमबीपीएस निघाला, रात्रीही तेवढाच. ९० हा डाउनलोड होता. दुकानाच्या वायफायवर HD लोण्यासारखं चालतं. पिंग एरवी १२ च्या आसपास असतो. भावाने बाहेरून आठ चौकटी उघडल्या आणि मी HD उघडलं, तेव्हा तो ७०० पर्यंत गेला. मधूनमधून Request timed out सुद्धा आलं.

जुना_तारवाला
मग निदान झालं. आता हिशोब मांडू.

चौकटींमध्ये सब स्ट्रीम येते. तुमची सब स्ट्रीम 2048 पर्यंत जाऊ शकते, म्हणजे आठांची मिळून १६ एमबीपीएस. वाट आहे ९.४ ची. दिवसा ती का चालते? Variable मध्ये 2048 हा नेहमीचा खर्च नसतो, ती वरची हद्द असते. दिवसा उजेडात, दुकानात फारशी हालचाल नसताना प्रत्येक कॅमेरा त्याच्या निम्म्यातही भागवतो, मग सगळं मिळून कसंबसं मावतं. रात्री अंधारात सेन्सर गेन वाढवतो आणि चित्रभर बारीक ठिपके वळवळू लागतात. एनकोडरला ते ठिपके म्हणजे हालचालच वाटते. दुकान बंद, माणूस नाही, तरी आठही कॅमेरे हद्दीला जाऊन भिडतात. म्हणून रात्री चौकटीही अडकतात.

आता HD. ६ एमबीपीएस ९.४ मध्ये मावायला हवं असं वाटेल. एकट्याने बघितलं तर कधीकधी मावतही असेल. पण बिटरेट ही सरासरी झाली. पूर्ण चित्राची एक आय-फ्रेम येते, मग पुढच्या फ्रेममध्ये फक्त बदल येतात. २५ फ्रेमला 50 म्हणजे दर दोन सेकंदांनी एक आय-फ्रेम. ४ मेगापिक्सेलच्या भरगच्च चित्रात ती ४०० केबीची धरू, म्हणजे ३.२ मेगाबिट. भावाच्या चौकटींनी ६ खाल्ले आणि तुमच्यासाठी ३ उरले, तर ही एकच फ्रेम पोचायला सेकंदाच्या वर लागतो. तोवर चित्र थिजतं, मागे राहिलेल्या फ्रेम अ‍ॅप टाकून देतं आणि माणूस काउंटरपाशी उडतो. तुम्ही लिहिलेले "दोन सेकंद" इथून आले आहेत.

फुल_रेंज
मग सगळीकडे H.265 लावा की. निम्म्यावर येतं. सब स्ट्रीम अजून H.264 वर का ठेवली आहे?

जुना_तारवाला
मुख्य स्ट्रीमला H.265 ठीक आहे, तिथे बचत खरीच होते. सब स्ट्रीमला मी लावणार नाही. 640×360 सारख्या लहान चित्रात बचत तेवढी होत नाही. दुसरं म्हणजे मोबाइलला आठ चौकटी एकाच वेळी उलगडायच्या असतात. साध्या किंवा जुन्या मोबाइलची हार्डवेअर डिकोडरची क्षमता तिथे संपते, मग उरलेलं काम प्रोसेसरवर येतं, मोबाइल तापतो आणि चौकटी अडकायला लागतात. याची खूण म्हणजे दुकानाच्या वायफायवरही अडकतं आणि चौकटी चार केल्या की सुरळीत होतं. यांच्याकडे वायफायवर सगळं नीट आहे. नसलेलं दुखणं कशाला ओढवून घ्यायचं?

आरसा
माझंही असंच आहे. दोनच कॅमेरे आहेत, तरी कालचं रेकॉर्डिंग मोबाइलवर बघताना थांबत थांबत चालतं. बिटरेट 512 केला, काही फरक नाही.

मीटरवाली
आरसा, तुमचा प्रश्न वेगळा आहे. लाइव्ह आणि रेकॉर्डिंग एक नव्हे. 512 बहुधा सब स्ट्रीमचा केला असणार. हार्डडिस्कवर मुख्य स्ट्रीम साठते आणि जुनं बघताना मोबाइलवर तीच येते. एनव्हीआरच्या रेकॉर्डिंगच्या मेनूत Dual-Stream किंवा तशा नावाचा पर्याय असेल तर तिथे सब स्ट्रीमही साठवायला सांगा. मग अ‍ॅपमध्ये प्लेबॅकची गुणवत्ता खाली आणता येते. आधीच्या रेकॉर्डिंगला याचा उपयोग नाही, इथून पुढच्याला होईल. आणि कॅमेरे वायफायचे असतील तर आधी एनव्हीआरला जोडलेल्या स्क्रीनवर तेच रेकॉर्डिंग बघा. तिथेही मध्येच सेकंद गळालेले दिसले तर ते साठतानाच गळालेत, मोबाइलकडून भरून निघणार नाहीत.

आरसा
एक वायफायचा आहे, एक वायरचा. वायरचाही थांबतो. डबल स्ट्रीमचा पर्याय शोधतो.

जुना_तारवाला
शटर साहेब, आता तुमची सेटिंग. आधी सब स्ट्रीम बदला, कारण रेकॉर्डिंगला धक्का न लागता सगळ्यात जास्त फरक तिथेच पडतो.

```
Sub Stream
Resolution        640×360
Frame Rate        12
Video Encoding    H.264
Max. Bitrate      256
I-Frame Interval  24
```

आठ कॅमेऱ्यांचे 256 प्रमाणे दोन एमबीपीएस होतात. तिघांनी एकाच वेळी आठही चौकटी उघडल्या तरी सहा. प्रत्येक मोबाइलला स्वतंत्र प्रवाह जातो, तिघं एकच चित्र बघत असले तरी एकात भागत नाही, हे लक्षात ठेवा. एकूण अपलोडच्या पाऊण भागापुढे जाऊ नका, म्हणजे तुमच्याकडे साधारण सात. वरचा पाव भाग आय-फ्रेमच्या उसळीला आणि दुकानाच्या इतर कामाला हवा.

फ्रेम बदललीत की I-Frame Interval ही बदला, तो आपोआप बदलेलच असं नाही. हा आकडा सेकंदांत नसतो, फ्रेममध्ये असतो. तुमचा सध्याचा 100 म्हणजे २५ फ्रेमला चार सेकंद. तसाच ठेवून फ्रेम १२ केल्या तर आठ सेकंद होतील. कॅमेरा उघडल्यावर चित्र सुरू व्हायला आय-फ्रेमची वाट बघावी लागते आणि एखादं पॅकेट हरवलं तर पुढच्या आय-फ्रेमपर्यंत चित्र माखलेलं राहू शकतं. १२ ला 24, म्हणजे दोन सेकंद, हे पुरेसं आहे. सेकंदाच्या खाली नेलंत तर दर वेळी पूर्ण चित्र पाठवण्यातच 256 संपतील आणि सगळं धूसर होईल.

सब स्ट्रीमवर H.265+ किंवा Smart Codec सारखं काही चालू असेल तर ते बंद करा. ते आय-फ्रेममधलं अंतर स्वतःच लांबवतात आणि मग वरचा आकडा नावापुरता उरतो.

सुट्टे_पैसे
256 मध्ये एक कॅमेरा मोठा केला तर काय दिसणार? माणूस ओळखू येणार नाही. आणि मुख्य स्ट्रीम कमी केली तर चोरी झाल्यावर चेहरा कुठून आणायचा?

जुना_तारवाला
प्रश्न रास्त आहे. 256 ची चौकट मोठी केली तर कोण कुठे उभं आहे एवढं कळेल, चेहरा कळणार नाही. त्यासाठी HD. ते चालण्यापुरतीच मुख्य स्ट्रीम उतरवायची आणि उतरवताना आधी फ्रेमला हात घालायचा, रिझोल्यूशनला नाही. चेहरा पिक्सेलमधून मिळतो, २५ फ्रेममधून नाही. दुकानात चालणाऱ्या माणसाला १५ फ्रेम भरपूर झाल्या. दार आणि काउंटरला १५ फ्रेम, 4096, अंतर 30. गोदामाला 3072 पुरे. फ्रेम ४० टक्के घटल्या म्हणून बिटरेटही तेवढाच घटवता येतो असं नाही. दोन फ्रेममधला वेळ वाढला की बदलही वाढतो. म्हणून 6144 वरून एकदम 2048 वर उडी मारू नका. एका ठिकाणी बदला, गर्दीच्या वेळचं रेकॉर्डिंग थांबवून चेहरा आणि हातातली नोट बघा, मग बाकीचे बदला.

जाता जाता, 6144 ने एक कॅमेरा हद्दीला चालला तर दिवसाला साधारण ६६ जीबी लिहितो, 4096 ने ४४. हार्डडिस्कवर मागचे दिवसही जास्त राहतील.

ठिपके_मोजणारा
तारवाले, सब स्ट्रीमला Variable का? Constant करा ना. अपलोड ठरलेला आहे, तर खर्चही ठरलेलाच बरा. रात्री उसळी येण्याचा प्रश्नच राहत नाही.

जुना_तारवाला
हद्द 256 वर आणल्यावर रात्रीची वाईटात वाईट बेरीजही दोनच एमबीपीएस आहे, आणि दिवसा Variable ने उरलेलं HD ला मिळतं. Constant मध्ये रिकामं गोदामसुद्धा चोवीस तास 256 खाणार.

ठिपके_मोजणारा
हद्द पाळली तर ना. स्वस्त कॅमेऱ्यांत Variable ची हद्द काही सेकंद सरळ ओलांडली जाते, एकदम गर्दी झाली किंवा दिवे लागले की. Constant वाले निदान लवकर वठणीवर येतात. वाट भरलेली असताना तेवढे सेकंदच नडतात.

मीटरवाली
दोघांचंही कॅमेऱ्यावर अवलंबून आहे. एनव्हीआरच्या नेटवर्क मेनूत प्रत्येक चॅनेलचा चालू बिटरेट दिसत असेल, तर रात्री दिवे घालवताना आणि लावताना तो आकडा बघा. हद्दीच्या वर किती जातो ते दिसेल आणि वाद तिथेच मिटेल. रात्रीचे ठिपके मुळात कमी करायचे असतील तर कॅमेऱ्याच्या चित्राच्या सेटिंगमध्ये गेनची कमाल थोडी उतरवा आणि नॉइज रिडक्शन मध्यम ठेवा. फार वाढवलंत तर हलणाऱ्या माणसामागे धुरासारखी शेपटी दिसते. भिंगासमोरचं कोळ्याचं जाळंही पुसा. इन्फ्रारेड त्यावर उजळतं आणि ते हललं की पूर्ण चित्र हलल्याचा हिशोब होतो.

फुल_रेंज
एवढं सगळं करण्यापेक्षा राउटरमध्ये पोर्ट उघडा आणि थेट एनव्हीआरला जोडा. ही अ‍ॅपं कंपनीच्या सर्व्हरवरून फिरवतात, तिथेच अडकतं. थेट जोडलं की विषय संपला.

जुना_तारवाला
अर्धं खरं आहे. अ‍ॅप आधी मोबाइल आणि एनव्हीआर यांची थेट गाठ घालून बघतं. ते जमलं नाही तर कंपनीच्या रिले सर्व्हरवरून पाठवतं आणि तिथे वेग कमी मिळू शकतो. त्याची खूण मी वर अर्धवट सोडली होती: पिंग शांत, अपलोड निम्मा मोकळा, तरी चित्र अडकतंय. काही अ‍ॅपमध्ये जोडणी P2P आहे की Relay हे लिहिलेलं दिसतं. शटर साहेबांचा पिंग ७०० ला गेला, म्हणजे त्यांची वाट दुकानातच भरली होती. पोर्ट उघडून ९.४ चे १० होत नाहीत.

शिवाय पोर्ट उघडून चालेलच असं नाही. राउटरच्या पानावर WAN चा पत्ता 100.64 ते 100.127 मधल्या कुठल्या आकड्याने सुरू होत असेल, तर सेवा देणाऱ्याने एकच पत्ता अनेक ग्राहकांना वाटलाय आणि बाहेरून आत यायला दारच नाही. आणि दार असलं तरी मी उघडणार नाही. २०१६ मध्ये मिराई नावाच्या बॉटनेटने असेच उघड्यावरचे, मूळ पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि डीव्हीआर ढिगाने ताब्यात घेतले होते. थेटच हवं असेल तर राउटरवर व्हीपीएन चालू करा, उदाहरणार्थ वायरगार्ड, आणि त्यातून आतल्या पत्त्याने जोडा. मात्र त्यालाही बाहेरून पोचता येणारा पत्ता लागतो.

फुल_रेंज
माझ्याकडे पोर्ट उघडून बरीच वर्षं चालू आहे, काही झालेलं नाही. पण पासवर्डचं मान्य.

शटर_अर्धं_उघडं
सब स्ट्रीम सगळ्यांची बदलली, मुख्य फक्त दार आणि काउंटरची. चौकटी आता रात्रीही चालतात, तिघांनी उघडल्या तरी. HD एकट्याने बघितलं तर सलग दिसतं. दोन अडचणी राहिल्या. आठपैकी दोन कॅमेरे दुसऱ्या कंपनीचे आहेत. एनव्हीआरमध्ये 256 करून जतन केलं तरी त्यांचा चालू बिटरेट दीड हजाराच्या वरच दिसतो. आणि रोज रात्री साडेआठ ते नऊ सगळंच अडकतं, अगदी एकट्याने बघितलं तरी.

जुना_तारवाला
ते दोन कॅमेरे एनव्हीआरला ONVIF ने जोडलेले असणार. अशा जोडणीत एनव्हीआर आपल्याकडे आकडा जतन करतो, पण कॅमेरा तो मानतोच असं नाही, विशेषतः सब स्ट्रीमचा. कॅमेऱ्याच्या स्वतःच्या पानावर ब्राउझरने जाऊन तिथे बदला. कॅमेरे एनव्हीआरच्या मागच्या पोर्टमध्येच खोचलेले असतील तर ते वेगळ्या आतल्या नेटवर्कवर असतात आणि दुकानाच्या कॉम्प्युटरवरून उघडणार नाहीत. मग एनव्हीआरच्या वेब पानावर कॅमेऱ्यांच्या यादीत ब्राउझरचं चिन्ह किंवा Virtual Host सारखा पर्याय शोधा. नाही सापडला तर लॅपटॉप एनव्हीआरच्या मागच्या मोकळ्या पोर्टला जोडून उघडा. बदलल्यावर एनव्हीआरमध्ये पुन्हा त्या चॅनेलचं जतन दाबू नका, एखादा एनव्हीआर जुना आकडा परत लादतो.

मीटरवाली
साडेआठचं कॅमेऱ्यांचं वाटत नाही. त्या अर्ध्या तासात कुणालाही कॅमेरे उघडू देऊ नका आणि पिंग बघा. तरीही चढलेला असेल तर दुकानातलंच दुसरं काहीतरी अपलोड खातंय. बिलिंगचा बॅकअप ऑनलाइन जातो का? हिशोब बंद करायची वेळ तीच दिसते.

शटर_अर्धं_उघडं
बघितलं. कॅमेरे सगळे बंद, तरी पिंग ४०० च्या वर. बिलिंगच्या सॉफ्टवेअरचा बॅकअप साडेआठलाच लागतो, त्यात मालाचे फोटोही जातात.

मीटरवाली
त्याची वेळ पहाटे तीनची करा, कॉम्प्युटर रात्रभर चालू राहत असेल तर. राहत नसेल तर बॅकअपच्या सेटिंगमध्ये अपलोडची मर्यादा असते का बघा, १ एमबीपीएस द्या. तेही नसेल तर राउटरमध्ये QoS असल्यास त्या कॉम्प्युटरच्या अपलोडला लगाम घाला. एनव्हीआरला प्राधान्य देण्यापेक्षा बॅकअपला मर्यादा घालणं साध्या राउटरवर जास्त भरवशाचं.

ठिपके_मोजणारा
आणि ते दोन कॅमेरे त्यांच्या पानावर 256 ला आणले की एकावर Constant आणि एकावर Variable ठेवून बघा. रात्री दिवे लावताना दोघांचे आकडे इथे टाका. तारवाल्यांचं खरं की माझं, ते कळू दे.

शटर_अर्धं_उघडं
बॅकअप पहाटेवर टाकला. त्या दोन्हींचं पान लॅपटॉप मागच्या पोर्टला लावूनच उघडतंय, दुकान बंद झाल्यावर करतो आणि आकडे टाकतो.